सेल्फीत छातीवरची अक्षरं उलटी आली आहेत. चेहरा न हलवता फक्त अक्षरं सुलटी कशी करावीत?

शब्दवेल

आमच्या वाचनालयाचं माहितीपत्रक छापायला जायचंय. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचा सेल्फी वापरायचा आहे. मरून रंगाचा सुती टी-शर्ट, त्यावर छातीवर पांढऱ्या अक्षरांत 'वाचाल तर वाचाल'. फोनने फोटो आरशासारखा साठवलाय, त्यामुळे अक्षरं उलटी दिसतात.

अख्खा फोटो आडवा उलटवला की अक्षरं वाचता येतात, हे मला माहीत आहे. पण मग बहीण म्हणते, "ही मी वाटतच नाही." शिवाय पत्रकात फोटो उजव्या बाजूला बसवलाय आणि ती डावीकडे, मजकुराकडे बघतेय. उलटवला तर ती पानाबाहेर बघायला लागते. म्हणून चेहरा आहे तसाच ठेवायचा आणि फक्त अक्षरं फिरवायची आहेत.

अक्षरांभोवती चौकोन करून तेवढाच उलटवून बघितला. अक्षरं वाचता येतात, पण चौकोनाच्या कडा स्पष्ट दिसतात आणि टी-शर्टच्या चुण्या मध्येच तुटतात. फोटो ३०२४ × ४०३२ पिक्सेलचा आहे. संगणकावर फोटो सुधारायला गिंप आहे. कोणी नीट वाट दाखवेल का?

भटका_पराग

यात अवघड काही नाही. चौकोनाऐवजी लॅसोने अक्षरांच्या जवळून निवड करा, कडा थोड्या मऊ करा, उलटवा, संपलं. फोनवरच्या अ‍ॅपमध्येसुद्धा होतं. मी दुकानाच्या पाटीचं असंच केलं होतं, कोणाला कळलं नाही.

शिक्षिका_नाशिक

शब्दवेल ताई, काळजी करू नका. उलटं फक्त आपल्यालाच दिसतं. मी ऑनलाइन तास घेते तेव्हा फळ्यावरचं माझं अक्षर मला उलटं दिसायचं, पण मुलांना सरळच दिसत होतं. फोटो दुसऱ्याला पाठवून बघा.

जुनी_फिल्म

शिक्षिका ताई, तुम्ही म्हणता ते व्हिडिओ कॉलला बरोबर आहे. तिथे आरसा फक्त आपल्या पडद्यावर असतो. इथे फोटो साठवतानाच उलटा झालाय, तो कुठेही पाठवला तरी उलटाच दिसणार.

पराग, पाटी सपाट असते आणि तिच्यावर उजेड बहुतेक सगळीकडे सारखा पडतो. म्हणून तिथे तुमची पद्धत चालते. अंगावरच्या कपड्यावर अडचण अक्षरांची नसून कापडाची आहे. अक्षरांभोवतीचं कापड उलटवलं की त्याच्यासोबत चुण्या आणि सावल्याही उलटतात. उजेड खिडकीतून डावीकडून येत असेल तर बाकीच्या टी-शर्टवर चुणीची उजवी बाजू काळी असते, आणि मधल्या तुकड्यात अचानक डावी बाजू काळी होते. कडा कितीही मऊ केल्या तरी हे डोळ्याला खुपतं. का खुपतं ते सांगता येत नाही, एवढंच.

तेव्हा कापड जागेवर ठेवायचं आणि अक्षरं त्यावरून उचलून उलटवायची. म्हणजे कामाचे तीन भाग झाले: अक्षरं वेगळी काढणं, खालचं कापड कोरं करणं, आणि सुलटी अक्षरं त्यावर त्याच जागच्या सावल्यांसकट बसवणं.

शब्दवेल, आधी एवढं सांगा. ओळ तिरकी आहे का? छाती कॅमेऱ्याकडे सरळ आहे की एक खांदा मागे? अक्षरांवर केस, हात, माळ असं काही आलंय का?

निशाचर

बहिणीचं 'ही मी वाटतच नाही' हे अगदी खरं आहे, त्यावर अभ्यास झालेला आहे. १९७७ मध्ये मीटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकन संशोधकांनी बायकांना त्यांचेच सरळ आणि आरशातले असे दोन फोटो दाखवले. त्यांना स्वतःला आरशातला जास्त आवडला, आणि त्यांच्या मैत्रिणींना किंवा जोडीदारांना सरळ. जो चेहरा रोज बघतो तोच आपल्याला बरा वाटतो.

पण म्हणूनच मी अख्खा फोटो उलटवण्याच्या बाजूने आहे. पत्रक बहीण वाचणार नाही, वाचनालयात येणारी माणसं वाचतील. त्यांना ती सरळच माहीत आहे.

शब्दवेल

निशाचर, तुमचा मुद्दा पटतो, पण फोटो तिचा आहे, तिच्या मनाविरुद्ध नको. आणि पानाची मांडणीही आहेच.

जुनी_फिल्म काका, ओळ डावीकडून उजवीकडे किंचित खाली उतरते. तिचा डावीकडे दिसणारा खांदा थोडा मागे आहे, त्यामुळे डावीकडचा शब्द जरा लहान दिसतो. आणि वेणी पुढे आली आहे. ती सगळ्यात डावीकडच्या अक्षरावर आहे, ते जवळजवळ पूर्ण झाकलंय.

जुनी_फिल्म

मग ऐका, तुमच्या मजकुरात एक सोय आहे. 'वाचाल तर वाचाल' यात पहिला आणि शेवटचा शब्द एकच. त्यामुळे अख्खी ओळ एका झटक्यात उलटवायची गरज नाही. तिन्ही शब्द आपापल्या जागीच, प्रत्येकी आपल्या मध्याभोवती उलटवा. क्रम बरोबरच राहतो. दुसरा कुठला मजकूर असता तर शब्दांची अदलाबदल करावी लागली असती.

फायदा असा की डावीकडचा लहान शब्द लहानच राहतो. अख्खी ओळ उलटवली असती तर मागच्या खांद्यावर मोठा शब्द आणि पुढच्यावर लहान, असं झालं असतं आणि छाती वाकडी वळल्यासारखी दिसली असती.

आता वेणीचं. आरशातल्या फोटोत ओळ उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे सगळ्यात डावीकडे झाकलेलं अक्षर हे शेवटच्या शब्दातलं 'ल' आहे. तो शब्द जागच्या जागी सुलटा केला की वेणीखाली 'वा' येतो आणि 'ल' उघड्यावर, शब्दाच्या उजव्या टोकाला. जे अक्षर फोटोत नाहीच, तेच आता पूर्ण दिसायला हवं. ते उजवीकडच्या 'वाचाल'मधून उसनं घ्या आणि डावीकडच्या शब्दाच्या मापाला लहान करा. आणि 'वा'वर वेणी परत यायला हवी, नाहीतर अक्षर केसांवर छापल्यासारखं दिसेल.

आता अक्षरं वेगळी कशी काढायची. पांढरा रंग निवडून काढू नका. चुणीच्या सावलीतला पांढरा करडा असतो, तिथे अक्षराला भोकं पडतात. मरून कापडाचा एक गुण वापरा: मरून रंगात लाल असतो, हिरवा जवळजवळ नसतो. म्हणजे हिरव्या चॅनेलमध्ये कापड काळं आणि अक्षरं उजळ दिसतात. `Channels` मध्ये Green वर उजवी क्लिक करून `Duplicate Channel`, मग त्या प्रतीवर `Colors > Levels`. कापड पूर्ण काळं आणि अक्षरं पूर्ण पांढरी होईपर्यंत दोन्ही टोकं आत ओढा, पण अक्षराच्या कडेचा करडा पट्टा थोडा राहू द्या, तोच कडेचा मऊपणा असतो. चेहरा आणि भिंतही उजळ दिसतील, त्यावर काळा रंग फिरवा. मग `Channel to Selection`. पारदर्शक नवा लेयर घ्या आणि निवड त्यात रंगाने भरा. शुद्ध पांढरा नको, उजेडातल्या एखाद्या अक्षराचा रंग टिपून घ्या.

टर्मिनल

पाटी, फलक, भिंतीवरचं नाव असं सपाट काही असेल तर त्याला एवढं लागत नाही. इमेजमॅजिकमध्ये एका ओळीत होतं. हे पाटीवाल्यांसाठी देतोय:

```
magick selfie.jpg \( +clone -crop 620x210+910+1840 +repage -flop \) -geometry +910+1840 -composite out.png
```

६२० रुंद आणि २१० उंच असा तुकडा, डावीकडून ९१० आणि वरून १८४० वर, जागच्या जागी आडवा उलटतो. `-flop` लिहायचं, `-flip` नाही. `-flip` ने तुकडा वरचा खाली होतो.

गावकरीण

माझंही असंच झालंय, विचारूनच टाकते. गणपतीत घरच्या मूर्तीसोबत सेल्फी काढला. मागच्या पताकेवर 'मोरया' उलटं आलं होतं. पुतण्याने फक्त तेवढी अक्षरं सुलटी करून दिली, छान दिसत होतं. फोटो सगळ्यांना पाठवला आणि आत्याचा लगेच फोन, "यंदा उजव्या सोंडेचा आणलात? सोवळं झेपणार आहे का?" आमचा गणपती डाव्या सोंडेचा! आता सोंडपण उलटवायची का?

जुनी_फिल्म

नाही हो ताई, सोंड एकटी उलटवू नका. मोदकाचा हात, मोडलेला दात, सगळंच उलट बाजूला गेलेलं असणार. मूळ उलटा फोटो असेल तर तो अख्खा आडवा उलटवा, पताका आणि सोंड एकदमच बरोबर होतील. पुतण्याने सुधारलेला उलटवलात तर सोंड सुटेल आणि मोरया पुन्हा बिघडेल.

अक्षरं नसली तरी उलटेपण सांगणाऱ्या खुणा असतात. साडीचा पदर उजव्या खांद्यावर दिसतो, नथ उजव्या नाकपुडीत दिसते, पुरुषांच्या शर्टाची बटणपट्टी उलटी दिसते. शब्दवेल, तुमच्या फोटोत असं काही आहे का ते पाहून घ्या.

शब्दवेल

तिच्या नाकात चमकी आहे, डावीकडची. फोटोत ती उजवीकडे आली आहे.

निशाचर

हेच मी म्हणत होतो. जिला ओळखतात ते लोक चमकी बघूनच थबकतील. अक्षरं सुलटी आणि चमकी उलटी, असा फोटो ना आरशातला ना खरा.

भटका_पराग

इतक्या लहान छपाईत चमकी कोण बघतंय? सरळ मिटवून टाका.

शब्दवेल

चेहऱ्याला हात लावायचा नाही, हे तिच्याशी ठरलंय. चमकी आहे तशीच राहील, तिची हरकत नाही.

काका, अक्षरांचा लेयर निघाला, कडा छान आल्या. पण `Layer > Transform > Flip Horizontally` केलं की अक्षरं उडून भलतीकडेच जातात.

जुनी_फिल्म

तुमचा लेयर अख्ख्या फोटोएवढा आहे, म्हणून तो फोटोच्या मध्याभोवती उलटतो. प्रत्येक शब्द वेगळ्या लेयरवर घ्या आणि `Layer > Crop to Content` करा. लेयर शब्दाएवढा झाला की तो स्वतःच्या मध्याभोवती उलटेल.

मग तिरकेपणा. इथे देवनागरी आपल्या मदतीला येते, कारण शिरोरेषा ही तयार पट्टीच आहे. `Measure` हत्याराने मूळ फोटोतल्या शिरोरेषेचा कोन मोजा. समजा ती उजवीकडे ५ अंश उतरते. उलटवल्यावर ती ५ अंश चढायला लागते. पुन्हा मूळ उतारावर आणायला घड्याळाच्या दिशेने १० अंश फिरवावं लागतं, म्हणजे मोजलेल्या कोनाच्या दुप्पट. पुष्कळजण ५ अंशच फिरवतात, मग ओळ आडवी सपाट होते आणि अंगापासून सुटल्यासारखी दिसते. फिरवणं, लहान-मोठं करणं हे `Unified Transform` मध्ये एकदमच करा. दर वेळी वेगवेगळं केलंत तर अक्षर प्रत्येक फेरीला थोडं पुसट होत जातं.

कापड कोरं करताना अक्षरांची निवड `Select > Grow` ने चारेक पिक्सेल वाढवा, कारण कडेला पांढऱ्याची झाक उरते. आधी क्लोन, नंतर हील. सुरुवातीलाच हील वापरलं तर ते शेजारचा पांढरा ओढून गुलाबी डाग पाडतं. क्लोनचा नमुना त्याच चुणीवरून, चुणीच्या दिशेने वरून किंवा खालून घ्या. शेजारच्या चुणीवरून घेतला तर सावली तुटते.

शब्दवेल

कोरं कापड चांगलं झालं. अक्षरं बसवली, वेणीचा भाग मास्कने मोकळा केला, 'ल' उसनं घेतलं. वाचायला बरोबर आहे, पण कापडावर कागद कापून चिकटवल्यासारखं वाटतं.

जुनी_फिल्म

सावल्या राहिल्यात. अक्षराच्या लेयरला एकच सपाट रंग आहे, खालची चुणी त्यावर उमटत नाही. कोऱ्या कापडाच्या लेयरची प्रत अक्षरांच्या वर आणा, `Colors > Desaturate` करा आणि `Levels` ने सपाट कापडाचा भाग जवळजवळ पांढरा होईपर्यंत उजळवा. चुण्या तेवढ्या करड्या राहिल्या पाहिजेत. मोड `Multiply`. मग अक्षरांच्या तिन्ही लेयरवर `Alpha to Selection` एकत्र करून त्याचा मास्क या प्रतीला द्या, म्हणजे सावली फक्त अक्षरांवर पडेल. आता प्रत्येक अक्षराला त्याच्या नव्या जागेची सावली मिळते, जुन्या जागेची नाही. जिथे चुणी खोल आहे तिथे `Warp Transform` ने अक्षर एक-दोन पिक्सेल आत दाबा. त्यापुढे जाऊ नका, शिरोरेषा लगेच लाटेसारखी होते.

शेवटी बारीक दाणा. फोनच्या फोटोत थोडा दाणा असतो आणि तुमच्या भरलेल्या रंगात तो नाही. अक्षरांना अर्धा पिक्सेल `Gaussian Blur` आणि नंतर अगदी थोडा `RGB Noise` द्या. फोटो शंभर टक्के मोठा करून गळ्याच्या शिवणीशी तुलना करा. शिवण जितकी मऊ, तितकीच अक्षराची कड मऊ हवी.

टर्मिनल

एक विचारतो. वेणीखालचा 'वा', उसना 'ल', इतकी उठाठेव करण्यापेक्षा अक्षरं नव्याने टंकित का करू नयेत? मुक्त, बालू, मोदक असे 'एक टाइप' या संस्थेचे कितीतरी मोफत देवनागरी फाँट आहेत. गिंपमध्ये जोडाक्षरंही नीट उमटतात.

जुनी_फिल्म

तोच फाँट असेल तर जरूर. पण टी-शर्टवर बऱ्याचदा हाताने काढलेली अक्षरं असतात, आणि नवा फाँट टाकला की वाचनालयातल्या बाकीच्यांच्या टी-शर्टशी जुळत नाही. टी-शर्ट ज्याने छापला त्याच्याकडे मूळ फाइल असेल तर ती मागा. तिच्यात अक्षरं सुलटी, पूर्ण आणि धारदार मिळतील. मग उलटवणं, हिरवा चॅनेल, उसना 'ल' यातलं काहीच लागत नाही. कापड कोरं करणं आणि सावल्या मात्र कराव्याच लागतात.

शब्दवेल

छापणाऱ्याने फाइल ठेवलेली नाही. असलेल्यावरच काम केलं. फोटो पत्रकात ७० मिलिमीटर रुंदीत बसतो. नमुना छापून आला. वेणी आणि दोन्ही 'वाचाल' अगदी बेमालूम. फक्त मधला 'तर' जरासा वर तरंगल्यासारखा दिसतो. सावली तर तिथेही दिलीय.

टर्मिनल

७० मिलिमीटर म्हणजे ३०० डीपीआयला साधारण ८२७ पिक्सेल. तुमचा फोटो जवळपास पावणेचारपट लहान होऊन छापला जातोय. एखाद-दोन पिक्सेलची चूक छपाईत दिसणारच नाही. दिसतंय म्हणजे ती मोठी आहे.

जुनी_फिल्म

मला सावलीच वाटते. छातीच्या मधोमध दोन्ही बाजूंनी चुण्या येऊन मिळतात, तिथे कापड थोडं काळं असतं. `Levels` मध्ये तेवढा भाग जास्त उजळला गेला असेल. 'तर'पुरती सावलीची प्रत थोडी गडद करून बघा.

गावकरीण

माझा गणपती डाव्या सोंडेचा झाला, काका. मूळ फोटो सापडला. आत्यालाही पाठवला.

शब्दवेल, मी शिवणकाम करते म्हणून सांगते. छातीवर ओळ कधीच सरळ बसत नाही, मध्ये थोडी झोळ घेते. तुम्ही तिन्ही शब्द एकाच कोनात फिरवले असतील. मूळ फोटोत डावीकडचा शब्द जास्त उतरता असेल, उजवीकडचा जवळजवळ आडवा, आणि 'तर' दोघांना जोडणाऱ्या सरळ रेषेपेक्षा खाली. सावलीचा यात संबंध नसेल.

शब्दवेल

गावकरीण ताई, हो, तिन्ही शब्दांना मी एकच कोन दिला होता. मूळ फोटोवर तिन्ही शिरोरेषा वेगवेगळ्या मोजते. आधी नुसता कोन आणि उंची बदलून एक नमुना छापते, मग काकांच्या सावलीचा दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून इथे लिहिते.